जाड पोर्क चॉप आतून शिजला का?

दीड इंच जाडीचा पोर्क चॉप तापलेल्या पॅनमध्ये टाकला, की तीन-चार मिनिटांत खालून खरपूस होतो. मधला भाग मात्र कच्चाच असतो, कारण मांसातून उष्णता सावकाश आत सरकते. आच तशीच ठेवली तर आत शिजेपर्यंत बाहेरून करपणार. म्हणून दोन्ही बाजूंना रंग आला, की पुढचे काम २०० अंश सेल्सिअसच्या ओव्हनवर सोपवावे. तिथे उष्णता सगळीकडून लागते. ओव्हन नसेल तर आच मंद करून झाकण ठेवावे. वेळ लागतो, पण जमते.

थर्मामीटरची सुई कडेने, हाडाला न टेकवता, मध्यापर्यंत खुपसावी. ६३ अंश दिसले, की चॉप उतरवून तीन मिनिटे तसाच ठेवावा. अमेरिकेच्या कृषी खात्याने अखंड तुकड्यांसाठीची मर्यादा २०११ मध्ये ७१ वरून ६३ अंशांवर आणली. आत किंचित गुलाबी छटा राहिली तरी बिघडत नाही.

ताज्या सॉसेजला मात्र ७१ अंशच हवेत. अखंड तुकड्यावर जंतू मुख्यतः पृष्ठभागावर असतात. खिमा करताना तेच आतपर्यंत मिसळतात. मोठ्या आचेवर आवरण फुटून चरबी वाहून जाते, त्यामुळे आधी थोड्या पाण्यात झाकून शिजवावे आणि पाणी आटल्यावर परतावे. सुई टोकाकडून लांबीत घालावी. रंगावर तर मुळीच जाऊ नये. गोव्याचे चोरीस मिरचीमुळे कच्चे असतानाही लालच दिसते आणि शिजल्यावरही लालच.