डोजीनंतरचा दिवस

दिवसभरात भाव वर गेला, खाली आला आणि अखेर जेथे उघडला होता जवळपास तेथेच बंद झाला, की आलेखावर क्रॉससारखी ‘डोजी’ कॅण्डल उमटते. त्या दिवशी खरेदीदार वा विक्रेते, कोणाचीच सरशी झाली नाही, एवढाच तिचा अर्थ. ती खरेदीची सूचना नव्हे.

समजा, एक शेअर ५६० रुपयांवरून घसरत ५०० वर आला आणि तेथे डोजी उमटली. तिचा उच्चांक ५०८, नीचांक ४९३. दुसऱ्या दिवशी वाढत्या उलाढालीसह भाव ५०८ च्या वर, म्हणजे ५११ ला बंद झाला, तर खरेदीचा विचार करता येतो. स्टॉपलॉस ४९२ ला ठेवल्यास प्रतिशेअर जोखीम १९ रुपये. १,९०० रुपयांपर्यंतच तोटा सोसायचा असेल, तर शंभरच शेअर घ्यावेत. भाव ४९३ च्या खाली बंद झाल्यास घसरण चालूच आहे असे मानावे. मध्येच राहिल्यास थांबावे.

ज्या शेअरमध्ये मोजकेच सौदे होतात किंवा भाव आठवडेच्या आठवडे एकाच पट्ट्यात फिरतो, तेथे डोजी वारंवार उमटते. तेथे तिच्यावर विसंबू नये. मोडण्याजोगा कलच तेथे नसतो.