किळस हा पुरावा होतो का?

डॉली या क्लोन केलेल्या मेंढीची बातमी आली त्याच वर्षी, १९९७मध्ये, अमेरिकी विचारवंत लिऑन कास यांनी मानवी क्लोनिंगविरुद्ध लेख लिहिला. काही गोष्टींची शिसारी का येते हे सांगता येत नाही, पण तिच्यात खोल शहाणपण असतं, हा त्यांचा मुद्दा. कालच्या काही किळसवाण्या गोष्टी आज सहज चालतात, हे त्यांनाही मान्य होतं. मग कोणत्या किळसेवर विश्वास ठेवायचा?

महाडकडे पाहा. २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकर आणि त्यांचे अनुयायी चवदार तळ्याचं पाणी प्यायले. तळं ‘बाटलं’ म्हणून सवर्णांनी त्यात पंचगव्याच्या १०८ घागरी ओतल्या. त्याच तळ्यावर गुरं पाणी पीत, त्याचा विटाळ कुणी मानला नव्हता. म्हणजे किळस घाणीची नव्हती, माणसाची होती. आणि ज्यांना ती वाटली त्यांना ती अगदी आतून, खरी वाटली. तिची तीव्रता तिच्या बाजूचा पुरावा ठरत नाही, हे इथेच दिसतं.

तळ्यावरून सवर्णांनी भरलेला खटला जवळपास दहा वर्षं चालला. शेवटी न्यायालयापुढे प्रश्न उरला तो एवढाच: अस्पृश्यांना मज्जाव करणारी अनादी रूढी खरोखर होती का? वादींना ती सिद्ध करता आली नाही. १९३७मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्यांचं अपील फेटाळलं.