एक गोळी दाबायला, एक भरून काढायला

थायरॉइडच्या काही रुग्णांच्या चिठ्ठीवर दोन गोळ्या शेजारी-शेजारी लिहिलेल्या असतात. कार्बिमाझोल थायरॉइड ग्रंथीचं काम थांबवते. थायरॉक्सिन तर त्याच ग्रंथीतून येणारं संप्रेरक असतं. अशी चिठ्ठी घरी आली की कुणीतरी विचारतंच, "आधी कमी करायचं आणि मग वाढवायचं, हा काय प्रकार?" प्रश्न रास्त आहे. डॉक्टरमंडळींनीही तो काही दशकं एकमेकांना विचारला, आणि त्याचं बरंचसं पक्कं उत्तर आता हाताशी आहे.

आधी आजार. आपल्याकडे "मला थायरॉइड आहे" म्हणणाऱ्या बहुतेकांचा थायरॉइड कमी पडत असतो; सकाळी उपाशीपोटी घ्यायची गोळी त्यांचीच. ग्रेव्ह्जच्या आजारात उलटं होतं. शरीराची प्रतिकारशक्ती चुकून अशी प्रतिपिंडं तयार करते, जी थायरॉइडच्या पेशींवर बसून "अजून बनव, अजून बनव" असा हुकूम सोडत राहतात. प्रयोगशाळेच्या रिपोर्टवर यांना 'ट्रॅब' म्हणतात. संप्रेरक अतोनात वाढतं, छाती धडधडते, हात थरथरतात, भरपूर खाऊनही वजन उतरतं, काहींचे डोळे पुढे येतात. ग्रंथी बिचारी हुकमाची ताबेदार आहे. बिघाड हुकूम सोडणाऱ्यात आहे.

१९४३ साली बोस्टनच्या एडविन ॲस्टवुड यांनी थायोयुरिया वर्गातली औषधं या आजारावर वापरून दाखवली. आजची कार्बिमाझोल त्याच कुळातली. ती ग्रंथीतला संप्रेरकाचा कारखाना बंद पाडते, पण बाहेरून येणारा हुकूम सुरूच असतो. वर्ष-दीड वर्ष औषध घेता-घेता बऱ्याच रुग्णांत तो हुकूम आपोआप विरतो, आणि औषध थांबवल्यावरही सगळं शांत राहतं. याला रेमिशन म्हणतात. अडचण ही की जवळजवळ निम्म्या रुग्णांत आजार परत येतो.

औषध द्यायच्या रीती दोन. टायट्रेशन म्हणजे नळ हळूहळू फिरवत हवी तेवढी धार ठेवणं: सुरुवातीला मोठा डोस आणि मग दर चार-सहा आठवड्यांनी रक्त तपासून तो कमी करत दिवसाला ५-१० मिलिग्रॅमवर, कधी त्याहूनही खाली आणणं. दुसऱ्या रीतीला 'ब्लॉक अँड रिप्लेस' म्हणतात. तिच्यात नळ पूर्ण बंद करायचा आणि लागेल तेवढं पाणी तांब्याने मोजून ओतायचं. कार्बिमाझोल ४० मिलिग्रॅमच्या आसपास कायम ठेवायची आणि ग्रंथी गप्प झाली की वरून १०० मायक्रोग्रॅमच्या आगेमागे थायरॉक्सिन द्यायचं. चिठ्ठीवरच्या दोन गोळ्या त्या या.

या रीतीचं आकर्षण फक्त सोयीचं नव्हतं. आशा मोठी होती. मोठा डोस प्रतिकारशक्तीलाही थोडं शांत करत असेल, असं काहींना वाटे. शिवाय बाहेरून थायरॉक्सिन दिलं की मेंदूतून येणारा टीएसएच दबलेला राहील, ग्रंथीला पूर्ण विश्रांती मिळेल आणि ती प्रतिकारशक्तीच्या नजरेत कमी येईल, असाही तर्क होता. १९९१ साली जपानच्या हाशिझुमे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये आकडेच मांडले. औषधाच्या जोडीला थायरॉक्सिन दिलेल्या आणि औषध थांबवल्यावरही ते चालू ठेवलेल्या साठ जणांपैकी तीन वर्षांत एकाचाच आजार उलटला. थायरॉक्सिन न दिलेल्यांत हे प्रमाण शंभरात ३५ च्या घरात होतं. कुठे शंभरात दोनसुद्धा नाहीत, आणि कुठे पस्तीस! या क्षेत्रातल्या कुणाचीही झोप उडावी असा तो निकाल होता.

मग इतरांनी तोच प्रयोग करून पाहिला. एडिंबराच्या मॅकआयव्हर यांच्या गटाने १९९६ साली त्याच नियतकालिकात लिहिलं की थायरॉक्सिन जोडून काहीही फरक पडला नाही. इतर ठिकाणांहूनही असेच निकाल आले. युरोपातल्या एका मोठ्या चाचणीत मेथिमाझोल १० मिलिग्रॅम आणि ४० मिलिग्रॅम अशी सरळ तुलना झाली. (कार्बिमाझोल शरीरात गेल्यावर मेथिमाझोलच होते.) आजार उलटण्याचं प्रमाण दोन्हीकडे सारखंच, पण दुष्परिणाम मोठ्या डोसमध्ये जास्त. २००५ साली कॉक्रेनने सगळ्या चाचण्या एकत्र करून पाहिल्या: ब्लॉक अँड रिप्लेसमध्ये शंभरात ५१ जणांचा आजार परतला, टायट्रेशनमध्ये ५४ जणांचा. हा फरक नसल्यातच जमा. अंगावर पुरळ येण्याचं प्रमाण मात्र अनुक्रमे १० आणि ६.

नळ कसा फिरवला यावर रेमिशन ठरत नाही, हे इथून पुढे गृहीत धरायला हरकत नाही. किती महिने फिरवला याचा मात्र थोडाफार संबंध आहे. टायट्रेशनच्या रीतीने सहा महिन्यांत औषध थांबवलं तर दीड वर्ष घेणाऱ्यांपेक्षा आजार लक्षणीय जास्त उलटतो. १९९० सालच्या एका फ्रेंच चाचणीत हे आकडे ५८ आणि ३८ असे होते.

आता एक उदाहरण घेऊ. रुग्ण कल्पनेतली, पण असे रुग्ण रोज दिसतात. समजा, चौतीस वर्षांची शिक्षिका आहे. फळ्यावर लिहिताना हात थरथरू लागला म्हणून तपासायला आली. मान सरळ ठेवली तर गाठ दिसत नाही, बोटांना जेमतेम लागते. फ्री टी-फोर ४५ (नॉर्मल साधारण १२ ते २२), टीएसएच मोजताही येत नाही इतका कमी, ट्रॅब १४ (बहुतेक प्रयोगशाळांत पावणेदोनच्या वर असला की पॉझिटिव्ह). कार्बिमाझोल ३० मिलिग्रॅम आणि थरथरीसाठी प्रोप्रानोलॉल सुरू झालं. सहा आठवड्यांनी टी-फोर १९ वर आला. टीएसएच अजून जमिनीवरच.

घोटाळा बहुधा इथेच होतो. टीएसएच महिनोन् महिने दबलेला राहू शकतो, कारण मेंदूतली यंत्रणा सावकाश जागी होते. पहिले काही महिने डोस टी-फोर आणि टी-थ्रीकडे पाहून ठरवायचा असतो. कुणी टीएसएचकडे पाहून "अजून आटोक्यात नाही" म्हणत ३० चालूच ठेवली, तर पुढच्या दोन महिन्यांत टी-फोर ८ वर घसरतो, वजन वाढतं, पायांत गोळे येतात, गाठही फुगते. मग "थायरॉइड कमी झाला" म्हणून थायरॉक्सिन जोडलं जातं. ही ब्लॉक अँड रिप्लेस झाली खरी, पण अपघाताने. चिठ्ठीवर दोन गोळ्या दिसल्या तर ती ठरवून केलेली योजना आहे का, हे डॉक्टरांना जरूर विचारावं.

आपल्या शिक्षिकेचा डोस वेळेवर १५ वर आणि मग ५ वर आला. पाचव्या महिन्यात टीएसएच जागा झाला.

तिचा आजार कायमचा शमेल का, याचा अंदाज पहिल्याच दिवशी थोडाफार बांधता येतो. ॲम्स्टरडॅमच्या संशोधकांनी २०१६ साली 'ग्रेट' नावाची गुणपद्धत मांडली. वय चाळिशीच्या आत असेल तर एक गुण. टी-फोर ४० किंवा जास्त असेल तर एक. ट्रॅब ६ ते २० मध्ये असेल तर एक, २० किंवा त्यावर दोन. गाठ नुसत्या डोळ्यांना दिसण्याइतकी असेल तर दोन. शिक्षिकेचे तीन गुण होतात. त्यांच्या रुग्णांत दोन-तीन गुणवाल्यांपैकी ४४ टक्क्यांचा आजार उलटला, शून्य-एकवाल्यांपैकी १६ टक्क्यांचा आणि चार किंवा अधिकवाल्यांपैकी ६८ टक्क्यांचा. म्हणजे बावन्न वर्षांचे, गाठ नसलेले, टी-फोर ३० आणि ट्रॅब ४ असलेले गृहस्थ निर्धास्तपणे गोळ्यांवर भरवसा ठेवू शकतात. याउलट पंचवीस वर्षांची, गळ्यावर ठसठशीत गाठ आणि ट्रॅब ३० असलेली मुलगी असेल, तर रेडिओआयोडीन किंवा शस्त्रक्रियेचा विषय सुरुवातीलाच काढणं प्रामाणिकपणाचं. या गुणांत धूम्रपान धरलेलं नाही. आजार उलटण्याशी त्याचा संबंध दिसलेला आहे, आणि डोळ्यांसाठी तर ते फारच वाईट.

दुसरा अंदाज शेवटी बांधतात, आणि तो जास्त कामाचा. दीड वर्षाने, गोळी बंद करायच्या आधी, ट्रॅब पुन्हा तपासतात. टायट्रेशनचा एक फायदा मला इथे मोलाचा वाटतो, त्याबद्दल फारसं बोललं जात नाही. डोस कमी करता-करता आजारच आपली हालहवाल सांगत असतो. ५ ची अडीच केली की टीएसएच पुन्हा दबतो, याचा अर्थ हुकूम अजून सुटतोय. ब्लॉक अँड रिप्लेसमध्ये नळ कायमच घट्ट बंद असल्याने ही खूण मिळत नाही. भिस्त सगळी ट्रॅबवर.

तरी ती रीत मोडीत काढायचं कारण नाही. संप्रेरक सतत वर-खाली होत असेल, वरचेवर तपासायला येणं जमत नसेल, डोळ्यांच्या त्रासामुळे थायरॉइड जराही कमी पडू द्यायचा नसेल, तर अनुभवी डॉक्टर ती निवडतात. ब्रिटनची 'नाइस' ही संस्था दोन्ही पर्याय रुग्णापुढे ठेवायला सांगते. अमेरिकी आणि युरोपीय थायरॉइड संघटनांचा कल टायट्रेशनकडे आहे. गरोदरपणात मात्र ब्लॉक अँड रिप्लेस नको. कार्बिमाझोल वारेतून बाळापर्यंत पोचते, थायरॉक्सिन पुरेसं पोचत नाही, आणि आईची भरपाई होत असताना बाळाचा थायरॉइड बंद पडतो.

रीत कोणतीही असो, एक धोका विसरायचा नाही. हजारात दोन-चार रुग्णांत पांढऱ्या पेशी अचानक कोसळतात, बहुधा पहिल्या तीन महिन्यांत. घसा दुखून ताप आला तर गोळी त्याच क्षणी थांबवायची आणि त्याच दिवशी पांढऱ्या पेशी मोजून घ्यायच्या. महिन्यापूर्वीचा रिपोर्ट चांगला होता, याला काही अर्थ नाही.

शिक्षिकेचा अठराव्या महिन्यातला ट्रॅब १.१ आला. गोळी बंद. असा निकाल आलेल्यांतही शंभरात वीस-तीस जणांचा आजार परततो, तोही बहुधा पहिल्या वर्षात, म्हणून तपासणी सहा-आठ आठवड्यांनी आणि मग दर तीन महिन्यांनी. ट्रॅब ६ आला असता तर गोळी थांबवली नसती. तेहरानच्या फेरेदून अझिझी यांनी अशा लांबलेल्या उपचाराचा अभ्यास केला आहे: पाच ते दहा वर्षं छोट्या डोसवर ठेवलेल्यांपैकी औषध थांबवल्यावर चार वर्षांत १५ टक्क्यांचा आजार परतला, दीड वर्षात थांबवलेल्यांपैकी ५३ टक्क्यांचा. अडीच-पाच मिलिग्रॅमची गोळी काही वर्षं घेणं हा म्हणूनच आता धरसोडीचा उपाय मानला जात नाही.

तिला पुढे मूल हवं असेल तर आणखी एक तारीख लिहून ठेवायला हवी. बाळंतपणानंतरच्या वर्षात हा आजार डोकं वर काढू शकतो. पण त्याच काळात ग्रंथीला तात्पुरती सूज येऊनही टी-फोर वाढतो आणि काही आठवड्यांत आपोआप उतरतो. त्या सुजेवर कार्बिमाझोल देऊन उपयोग नाही, कारण तिथे नळ चालू नसतो, टाकी फुटलेली असते. दोन्हींतला फरक बहुधा ट्रॅब सांगतो, म्हणून टी-फोर वाढलेला दिसला की जुनी चिठ्ठी पुन्हा सुरू करण्याआधी ती तपासणी करायची.