दीड टनाच्या एसीत टन किती?

आमच्या सोसायटीत सर्वांत वरच्या मजल्यावर राहणाऱ्या काकांनी मे महिन्यात मला वर बोलावून घेतलं. हातात विजेचं बिल होतं आणि चेहऱ्यावर फसवणूक झाल्याचा भाव. नवा दीड टनाचा एसी घेतल्यापासून महिन्याला साडेतीनशे युनिट वाढले होते. "अरे, बाहेरच्या डब्यावर बघ काय लिहिलंय, पाच किलोवॅट! म्हणजे तासाला पाच युनिट खातो हा. आणि दुकानदार म्हणाला वीज वाचवणारा आहे."

काकांनी पाटी वाचली होती हे चांगलंच केलं. फक्त तिच्यातला चुकीचा आकडा धरला होता. स्प्लिट एसीला अशा दोन पाट्या असतात. एक घरातल्या युनिटच्या बाजूला किंवा पोटाखाली, दुसरी बाहेरच्या युनिटच्या कडेला. खिडकीतल्या एसीत ती बहुधा बाजूच्या पत्र्यावर सापडते. तिच्यावर बारीक अक्षरात बरंच काही असतं, पण घरच्या माणसाला कामाचे आकडे चारच: थंड करण्याची क्षमता, लागणारी वीज, करंट आणि कार्यक्षमतेचं गुणोत्तर. काकांच्या पाटीवर ते असे होते: ५.० किलोवॅट, १५०० वॅट, ७.० अँपिअर आणि ४.२.

पहिला आकडा विजेचा नाही, उष्णतेचा आहे. एसी थंडावा तयार करत नाही, तो खोलीतली उष्णता उपसून बाहेर टाकतो. विहिरीवरचा पंप पाणी निर्माण करत नाही, फक्त वर चढवतो, तसंच हे. ५.० किलोवॅट म्हणजे उपसा किती, आणि १५०० वॅट म्हणजे त्या उपशासाठी वीज किती. पूर्ण जोरात चालताना काकांचा एसी तासाला दीड युनिट घेतो, पाच नाही. बाहेरच्या डब्यातून येणारी झळ मात्र दोन्हींची बेरीज असते. खोलीतली पाच आणि विजेची दीड, मिळून साडेसहा किलोवॅट. म्हणून तो डबा बंदिस्त ग्रिलमध्ये कोंबला किंवा त्याच्या तोंडासमोर कपडे वाळत घातले, की ही साडेसहा किलोवॅटची उष्णता तिथेच घुटमळते आणि एसीची दमछाक होते.

आता दीड टनाचं काय? टन हे माप बर्फाच्या काळातलं आहे. शून्य अंशावरचा एक अमेरिकन टन, म्हणजे सुमारे ९०७ किलो बर्फ २४ तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषून घेतो, तेवढा उपसा म्हणजे एक टन. किलोवॅटमध्ये तो ३.५१७ भरतो. काही पाट्यांवर, विशेषतः परदेशी बनावटीच्या, हाच आकडा बीटीयूमध्ये असतो. एक पौंड पाणी एक फॅरनहाइट अंशाने तापवायला लागणारी उष्णता म्हणजे एक बीटीयू. एक टन म्हणजे तासाला १२,००० बीटीयू आणि एक किलोवॅट म्हणजे तासाला ३४१२ बीटीयू. तेव्हा पाटीवर १७,०६० बीटीयू लिहिलेलं दिसलं, तर तो काकांचाच पाच किलोवॅटचा एसी समजा.

भागाकार केला तर गंमत कळते. दीड टन म्हणजे खरं तर ५.२७ किलोवॅट. काकांच्या पाटीवरच्या ५.० ला ३.५१७ ने भागलं की येतात १.४२ टन. दुकानात 'दीड टन' म्हणून शेजारी शेजारी टांगलेल्या दोन एसींपैकी एकाच्या पाटीवर ४.७ आणि दुसऱ्याच्या पाटीवर ५.२ किलोवॅट असू शकतात. पहिला जेमतेम १.३४ टनाचा आहे. यात लबाडी नाही, कारण खरा आकडा पाटीवर छापलेला असतोच. खोक्यावरचा टन हे बाजारातलं नाव आहे, माप किलोवॅटचं. दोन एसींच्या किमती ताडून पाहायच्या तर या आकड्यावरून पाहाव्यात.

हा आकडाही एका ठरावीक हवामानातला असतो. चाचणीच्या वेळी खोलीत २७ अंश आणि बाहेर ३५ अंश तापमान ठेवलेलं असतं. बाहेर पारा त्याच्या वर गेला की उपसा कमी होतो आणि वीज जास्त लागते, कारण उष्णता अधिक तापलेल्या हवेत ढकलावी लागते. नागपूर-चंद्रपूरच्या ४५ अंशांत पाच किलोवॅटचा एसी पूर्ण पाच किलोवॅट उपसत नाही. विदर्भात एसी निवडताना थोडा मोठा आकडा धरायचा तो यासाठी.

तिसरा आकडा करंटचा. ७.० अँपिअर हा 'रेटेड करंट', म्हणजे त्याच चाचणीच्या स्थितीत पूर्ण क्षमतेने चालताना वाहणारा. शेजारी 'मॅक्झिमम करंट' म्हणून १०.५ अँपिअर लिहिलेले होते. हिशेबी वाचक इथे थबकतील. २३० व्होल्ट गुणिले ७ अँपिअर म्हणजे १६१०, मग पाटीवर १५०० वॅट कसे? एसीसारख्या यंत्रात सगळाच करंट कामी येत नाही, काही भाग नुसता ये-जा करतो. १५०० भागिले १६१० केल्यावर येणारे ०.९३ म्हणजे पॉवर फॅक्टर. घरातला मीटर वॅट मोजतो, वायर मात्र अँपिअर सोसते. म्हणून बिलाचा अंदाज वॅटवरून करायचा आणि वायर, प्लग, एमसीबी यांचा विचार अँपिअरवरून, तोही मोठ्या आकड्यावरून.

काकांचा प्लग हाताला चांगलाच गरम लागत होता. सॉकेट १६ अँपिअरचंच होतं, पण जुनं आणि आतून सैल. सैल जोडावर सात-आठ अँपिअर तासन्‌तास वाहिले की तिथेच उष्णता साठते, मग प्लास्टिक पिवळं पडतं आणि पुढे वितळतं. एसीचा प्लग टीव्हीच्या ६ अँपिअरच्या सॉकेटवर किंवा एक्स्टेन्शन बोर्डावर का लावू नये, याचं उत्तर पाटीवरच्या साडेदहा अँपिअरमध्ये आहे. व्होल्टेज पडलं तर इन्व्हर्टर एसी तेवढंच काम करण्यासाठी जास्त करंट ओढतो. २३० चे १९० व्होल्ट झाले की सातचे जवळपास साडेआठ अँपिअर होतात.

इलेक्ट्रिशियनकडे चिमट्यासारखा टाँग टेस्टर असतो. त्याने चालू करंट पाहता येतो, मात्र चिमट्यात एकच वायर धरावी लागते. जाणारी आणि येणारी दोन्ही धरल्या तर आकडा शून्य दिसतो. मोजमापाचा अर्थही यंत्रागणिक बदलतो. जुन्या, एकाच वेगाने चालणाऱ्या एसीत करंट पाटीपेक्षा बराच कमी असेल आणि खोली गार होत नसेल, तर गॅस कमी झाल्याचा संशय रास्त आहे. करंट जास्त असेल तर आधी बाहेरच्या जाळीवरची धूळ पाहावी. इन्व्हर्टर एसीत खोली गार झाल्यावर करंट दोन-तीन अँपिअरवर येणं हेच त्याचं काम आहे. तेवढा आकडा दाखवून कोणी "गॅस भरावा लागेल" म्हणालं, तर आधी एसी पूर्ण जोरात चालवून पुन्हा मोजायला सांगा. गॅस भरायची वेळ आलीच, तर तो कोणता आणि किती ग्रॅम हेही पाटीवर लिहिलेलं असतं.

चौथा आकडा, ४.२, सर्वांत जास्त गोंधळात टाकतो. पाच किलोवॅटला दीडने भागलं तर ३.३३ येतात, मग ४.२ कुठून आले? ३.३३ हे बाहेर ३५ अंश असतानाचं, पूर्ण क्षमतेचं गुणोत्तर. याला ईईआर म्हणतात. अमेरिकेतली पाटी वाचणाऱ्यांनी लक्षात ठेवावं की तिथे उपसा बीटीयूत आणि वीज वॅटमध्ये धरतात, त्यामुळे हेच ३.३३ तिथे ११.४ दिसतं. ४.२ हे आयएसईईआर, म्हणजे भारतीय हंगामाचं गुणोत्तर. ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोने त्यासाठी वर्षाचे १६०० तास धरले आहेत आणि ते २४ ते ४३ अंशांपर्यंतच्या बाहेरच्या तापमानांत वाटले आहेत. यातले बरेच तास सौम्य हवेचे असतात. तेव्हा इन्व्हर्टर एसी अर्ध्या जोरात चालतो आणि अर्ध्या जोरात त्याची कार्यक्षमता वाढते. म्हणून हंगामी आकडा मोठा येतो.

काकांच्या एसीच्या स्टार लेबलवर वर्षाचे सुमारे ९३० युनिट लिहिले होते. ९३० ला ४.२ ने गुणलं की १६०० तासांतला एकूण उपसा मिळतो, ३९०६ किलोवॅट-तास. १६०० ने भागलं की तासाला २.४४ किलोवॅट, म्हणजे क्षमतेच्या निम्माच. लेबलने गृहीत धरलेलं घर असं आहे, जिथे एसी सरासरी अर्ध्या भारावर चालतो. तिथे तासाला ०.५८ युनिट लागते आणि रोज आठ तासांच्या हिशेबाने महिन्याला १४०.

काकांचं घर तसं नव्हतं. वर तापलेली गच्ची, पश्चिमेची खिडकी, हॉलला लागून उघडं स्वयंपाकघर, आणि रिमोटवर १८ अंश. हॉल १८ पर्यंत कधीच पोचत नव्हता, म्हणून एसी कधीच मंदावत नव्हता. दीड युनिट गुणिले २४० तास, झाले ३६० युनिट. बिलातली वाढ जवळपास तेवढीच होती. यंत्राने पाटीवर लिहिलेलंच केलं होतं.

मग पाच स्टारचा घ्यायला हवा होता का? तेवढ्याच क्षमतेचा ५.२ गुणोत्तराचा एसी लेबलच्या हिशेबाने ७५० युनिट घेईल, म्हणजे वर्षाला १८० युनिटांची बचत. युनिटचा दर दहा रुपये धरला तर १८०० रुपये. दोन्ही किमतींतल्या फरकाला १८०० ने भागा, किती वर्षांत वसूल होईल ते कळेल. तुलना मात्र ताऱ्यांची करू नका, आकड्यांची करा. ताऱ्यांचे निकष मधून मधून कडक होतात. ४.५ गुणोत्तराच्या स्प्लिटला २०१८ च्या तक्त्यात पाच तारे होते, जुलै २०२२ च्या तक्त्यात तोच एसी चार ताऱ्यांवर आला. आकडा तोच राहिला.

काकांनी सॉकेट बदललं, खिडकीला जाड पडदा लावला, स्वयंपाकघराचं दार बंद ठेवायला सुरुवात केली आणि रिमोट २५ वर आणला. तुमच्याकडे एसी असेल तर एक करा. आजच दोन्ही पाट्यांचे फोटो काढून खरेदीच्या पावतीबरोबर ठेवा. बाहेरची पाटी उन्हापावसात राहते, आणि मेकॅनिक जिन्यात उभा असतो नेमकी तेव्हाच तिच्यावरची अक्षरं पुसट झालेली असतात.