ग्रुपवर चुकीची तारीख गेली? डिलीट करण्याआधी हे वाचा

आमच्या मुलुंडच्या सोसायटीच्या ग्रुपवर मी 1 सप्टेंबर 2025 ला, सोमवारी रात्री नऊच्या सुमारास एक मेसेज टाकला होता: शुक्रवारी 5 तारखेला ईद-ए-मिलादची सुट्टी आहे, सगळे घरी असतील, म्हणून त्या दिवशी 10 ते 2 पाण्याची टाकी साफ करू, पाणी भरून ठेवा. सेक्रेटरी काकांनी अंगठा दिला आणि मेसेज सात दिवसांसाठी पिन करून टाकला. विषय संपला असं वाटलं.

बुधवारी 3 तारखेला शासनाने सुट्टीच बदलली. अनंत चतुर्दशी शनिवारी 6 तारखेला होती, आणि विसर्जनाच्या गर्दीमुळे ईदचा जुलूस सोमवारी 8 तारखेला काढायचं ठरलं होतं. म्हणून मुंबई शहर आणि मुंबई उपनगर या दोन जिल्ह्यांसाठी सुट्टी 5 वरून 8 ला गेली. (2024 मध्येही असंच झालं होतं, तेव्हा 16 सप्टेंबरची सुट्टी 18 ला गेली होती.) म्हणजे टाकला तेव्हा बरोबर असलेला माझा मेसेज दोन दिवसांनी चुकीचा झाला, आणि तो ग्रुपच्या डोक्यावर पिन होऊन बसला होता.

मी काय केलं? घाईघाईत तो डिलीट केला. तिथूनच गोंधळ सुरू झाला.

आधी व्हॉट्सअ‍ॅपचे हिशेब समजून घेऊ. पाठवलेला मेसेज `Edit` करायला 15 मिनिटं मिळतात. माझे 48 तास होऊन गेले होते, त्यामुळे तो रस्ता बंद. `Delete for everyone` ला मात्र दोन दिवस 12 तास, म्हणजे एकूण 60 तास मिळतात. सोमवारी रात्री 9 चा मेसेज गुरुवारी सकाळी 9 पर्यंत डिलीट होऊ शकतो. ते बटण उपलब्ध होतं, म्हणून मी दाबलं.

डिलीट केल्यावर ग्रुपमध्ये फक्त "मेसेज डिलीट केला" अशी ओळ उरते. कोणता मेसेज, का, त्याच्या जागी काय, हे कुणालाच कळत नाही. पाच मिनिटांत तिसऱ्या मजल्यावरून प्रश्न आला, "टाकीचं काम कॅन्सल का?" दुसऱ्या कुणीतरी ठाम सांगितलं, हो, कॅन्सल. तोपर्यंत ज्यांनी मूळ मेसेज पुढे पाठवला होता किंवा त्याचा स्क्रीनशॉट काढला होता, त्यांच्याकडे जुनी तारीख जशीच्या तशी होती. मी डिलीट केल्याने माझ्या ग्रुपमधली प्रत गेली, फॉरवर्ड झालेल्या प्रती तशाच राहतात. एडिटचंही तेच आहे: ते फॉरवर्डपर्यंत पोचत नाही.

आणि मुख्य नुकसान वेगळंच होतं. जुना मेसेज जागेवर असता तर मी त्यालाच रिप्लाय करून दुरुस्ती लिहू शकलो असतो. रिप्लायमध्ये मूळ ओळ वर दिसते आणि तिच्यावर टॅप केलं की माणूस थेट जुन्या मेसेजवर जातो. नुसतं "वरच्या मेसेजमधली तारीख चुकीची आहे" लिहून भागत नाही, कारण मध्ये चाळीस गुड मॉर्निंग आणि दोन आरतीचे व्हिडिओ येऊन गेलेले असतात. वरचा म्हणजे कुठला?

मग एडिट कधी वापरायचं? माझं मत: मेसेज टाकल्याटाकल्या, कुणी वाचायच्या आत. एडिट केल्यावर मेसेजवर `Edited` असं बारीक दिसतं, पण नव्याने नोटिफिकेशन जात नाही. ज्याने दुसऱ्या मिनिटाला वाचून फोन खिशात ठेवला, त्याच्या डोक्यात जुनीच तारीख राहते. कुणी वाचलं ते मेसेज दाबून धरून `Info` मध्ये दिसतं. ग्रुपमध्ये ब्लू टिक बंद करणाऱ्यांचं वाचनही तिथे दिसतं, त्यामुळे ती यादी बऱ्यापैकी विश्वासाची आहे. फक्त एक फट आहे: ज्यांनी नोटिफिकेशनमध्येच मेसेज वाचून घेतला, ते अजून "पोचला" याच यादीत असतात. त्यामुळे यादीत एकही नाव नसेल तर स्पेलिंग किंवा तारीख खुशाल एडिट करा. चार नावं असतील तर एडिटसोबत नवा मेसेजही लागतोच.

माझ्या बाबतीत पुढे दुसरी चूक झाली. गुरुवारी सकाळी मी लिहिलं, "सुट्टी 5 ला नाही, 8 ला आहे." दुसऱ्या मजल्यावरच्या काकू ठाण्यात शिकवतात. त्यांचं लगेच उत्तर आलं, "अरे, आम्हाला 5 लाच आहे!" त्याही बरोबर होत्या. मुलुंड चेकनाका ओलांडला की ठाणे जिल्हा लागतो, आणि तिथे सुट्टी 5 लाच होती. अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड, हे सगळं मुंबई उपनगर जिल्ह्यात येतं, पण सकाळी आमच्या इमारतीतून निम्मी माणसं ठाण्याला आणि निम्मी दादरच्या दिशेने जातात. दुरुस्ती कुणाला लागू आहे हेच मी लिहिलं नव्हतं.

शिवाय माझ्या मूळ मेसेजमध्ये दोन गोष्टी होत्या, सुट्टी आणि टाकी. मी फक्त सुट्टी दुरुस्त केली आणि टाकीवाल्याला फोनच केला नव्हता. तो 8 ला मोकळा आहे का, हे विचारल्याशिवाय दुरुस्ती पूर्ण होणारच नव्हती. फोन केला, तो हो म्हणाला, आणि मग तिसरा, शेवटचा मेसेज असा गेला:

```
टाकी सफाई आता सोमवार 8 सप्टेंबर, 10 ते 2.
(आधी शुक्रवार 5 सांगितलं होतं. शुक्रवारी पाणी नेहमीसारखं येईल.)
कारण: मुंबई शहर व उपनगर जिल्ह्यात ईदची सुट्टी 8 ला गेली आहे.
ठाण्यात सुट्टी 5 लाच आहे. खासगी ऑफिसवाल्यांनी आपापल्याकडे विचारावं.
```

पहिल्या ओळीत बरोबर तारीख आहे, कारण नोटिफिकेशनमध्ये बहुतेकांना तेवढंच दिसतं. "5 नाही, 8" असं सुरू केलं की घाईत वाचणाऱ्याच्या नजरेत आधी 5 बसतो. तारखेसोबत वार लिहिला की लिहिणाऱ्याची चूकही लगेच पकडली जाते: 8 सप्टेंबरच्या पुढे मंगळवार लिहिला असता तर कुणीतरी टोकलंच असतं. "रद्द" हा शब्द मी मुद्दाम टाळला, कारण आदल्या रात्री त्यानेच घोळ घातला होता. माफीही मागितली नाही. माफी मागितली की "अरे, काही नाही, होतं असं" अशी पंधरा उत्तरं येतात आणि तारीख पुन्हा वर सरकून जाते.

हा मेसेज सेक्रेटरी काकांनी सात दिवसांसाठी पिन केला. पिन 24 तास, 7 दिवस किंवा 30 दिवसांचा करता येतो, आणि गुरुवारचे 7 दिवस 8 तारखेच्या पुढे जात होते. तुमचा जुना मेसेज डिलीट न होता पिनवर राहिला असेल, तर तो आधी अनपिन करा. नाहीतर डोक्यावर दोन तारखा शेजारी शेजारी दिसतात.

फॉरवर्डचं काय? मी स्वतः तो मेसेज फक्त शेजारच्या विंगच्या ग्रुपवर टाकला होता, तिथे नवा मेसेज टाकला. बाकी कुणी कुठे पाठवला ते मला दिसत नाही, म्हणून ग्रुपवर एक ओळ लिहिली: "ज्यांनी सोमवारचा मेसेज पुढे पाठवला असेल, त्यांनी तिथेच हाही टाका." दोघांनी "टाकला" असं कळवलं. शुक्रवारी सकाळी तरीही तळमजल्यावरच्या आजोबांनी बादल्या भरून ठेवल्या होत्या. त्यांच्या मुलाने त्यांना सोमवारी फोनवर सांगितलं होतं, आणि ते ग्रुपमध्ये नव्हतेच.