ओढणी कुठल्या वाऱ्यावर?

एआयकडून कथकच्या गिरकीचं चित्र काढून घेताना नुसतं ‘उडती ओढणी’ लिहिलं, की ओढणी एकीकडे आणि केस भलतीकडे उडण्याची शक्यता फार. त्याऐवजी लिहावं: ‘मंद वारा चित्राच्या डावीकडून, शिफॉनची ओढणी खांद्याला टाचलेली, मोकळं टोक उजवीकडे तरंगतंय, केसही उजवीकडेच.’ डावीकडून म्हणजे बघणाऱ्याच्या, नर्तकीच्या नव्हे.

घेराचं गणित निराळं. तो गिरकीने फुलतो, म्हणून चहूबाजूंनी. जरीकाठाच्या जड रेशमाला ‘कमरेपासून घंटेसारखा पसरलेला, मोठ्या, मोजक्या चुण्यांचा’ असं वर्णन हवं. त्यावर शिफॉनसारख्या बारीक लहरी उमटल्या, तर वाऱ्याला हात न लावता कापडाचं वजन तेवढं बदलून लिहावं.