फिरकीची वाटणी: बोटे, मनगट, खांदा आणि धड

फिरकी गोलंदाजाच्या शरीराला एकाच वेळी दोन कामे करावी लागतात. चेंडू समोरच्या खेळपट्टीवर ठरल्या जागी पोहोचवायचा आणि जाताजाता तो स्वतःभोवती फिरत ठेवायचा. ही कामे शरीराचे वेगवेगळे भाग करतात. पहिले पाय, धड आणि खांदा यांच्याकडे असते, तर दुसरे मनगट आणि बोटांकडे.

दोन कामांतील तफावत आकड्यांवरून कळते. क्रिकेटचा चेंडू साधारण 160 ग्रॅमचा असतो आणि त्याची त्रिज्या साडेतीन सेंटीमीटरहून थोडी जास्त असते. समजा, गोलंदाजाने तो ताशी 80 किलोमीटर वेगाने टाकला आणि त्याला मिनिटाला 2000 फेऱ्यांची फिरकी दिली. गणितासाठी चेंडू भरीव गोळा मानला, तर पुढे जाण्यासाठी लागलेली ऊर्जा सुमारे 39 ज्यूल भरते, आणि फिरण्यासाठी लागलेली जेमतेम 2 ज्यूल. फिरकीचा वाटा विसाव्या हिश्शाएवढाच आहे. पण तो द्यायला मिळणारा वेळ फार थोडा असतो. मनगट आणि बोटे मिळून चेंडूला हातात असताना साधारण अर्धा फेरा देतात असे धरले, तर शून्यापासून 2000 फेऱ्यांच्या वेगापर्यंत पोहोचायला सेकंदाचे फक्त तीन शतांश मिळतात. तेवढ्या वेळात बोटांना चेंडूच्या कडेवर सुमारे दीड किलो वजनाइतका जोर लावावा लागतो. त्याच वेळात हात 60 सेंटीमीटरहून जास्त अंतर पुढे गेलेला असतो. म्हणजे फिरकी द्यायची ती वेगाने पुढे धावणाऱ्या हातातून.

हा जोर बोटांत येतो कुठून? बोटांमध्ये जोर लावणारे मोठे स्नायू नसतातच. बोटे मिटणारे आणि उघडणारे मुख्य स्नायू कोपर आणि मनगट यांच्या दरम्यान, हाताच्या पुढच्या भागात असतात. त्यांच्यापासून निघालेल्या लांब कंडरा मनगटातून जाऊन बोटांच्या हाडांना जोडलेल्या असतात. तळहातातले लहान स्नायू बोटे एकमेकांपासून फाकवणे, जवळ आणणे अशी बारीक कामे करतात. पकड घट्ट धरून ठेवण्याचे आणि शेवटच्या क्षणी बोट सोडवण्याचे काम हे दोन्ही गट मिळून करतात. म्हणूनच भरपूर गोलंदाजी केल्यावर फिरकीपटूचा हात बोटांपेक्षा कोपराखालच्या भागात भरून येतो.

उजव्या हाताच्या ऑफस्पिनरची पकड पाहावी. तर्जनी आणि मधले बोट शिवणीवर आडवी येतात आणि दोन्ही शक्य तितकी फाकलेली असतात. चेंडूचा मुख्य भार तर्जनीच्या वरच्या पेरावर असतो. अनामिका खालून आधार देते, अंगठा फारसे काम करत नाही. चेंडू सोडताना तर्जनी त्याच्या उजव्या कडेवरून जोराने खाली ओढली जाते, आणि त्याच वेळी हात दाराची मूठ उजवीकडे फिरवावी तसा फिरतो. चेंडू सुटल्यावर तळवा वरच्या बाजूस वळू लागतो. गोलंदाजाच्या मागून पाहिले तर चेंडू घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरताना दिसतो आणि टप्पा पडल्यावर उजव्या हाताच्या फलंदाजाच्या आत येतो.

या फिरवण्यात एक बारकावा आहे. कोपर वाकलेले असताना हात असा फिरवण्यासाठी दंडातला बायसेप्स मोठे बळ देतो, पण हात सरळ असताना त्याचा उपयोग कमी होतो आणि कोपराखालच्या लहान स्नायूवर जास्त भार पडतो. सरळ हातात एक सोयही मिळते. कोपराखालचा भाग आणि संपूर्ण हात एकाच रेषेत येतात, त्यामुळे खांद्यातून हाताला मिळणारे वळण मनगटाच्या वळणात मिसळते. ऑफस्पिनरची फिरकी केवळ बोटांची नसते, असे म्हणण्याचा अर्थ हाच. तर्जनी अखेरचा झटका देते, मात्र तिच्यामागे खांद्यापर्यंतचे वळण असते.

लेगस्पिनमध्ये भूमिका बदलतात. चेंडू तर्जनी आणि मधल्या बोटाने धरलेला असतो, पण अनामिका वाकवून शिवणीच्या बाजूला टेकवलेली असते आणि झटका तीच देते. चेंडू सोडण्याआधी मनगट आतल्या बाजूला दुमडलेले असते. सुटण्याच्या क्षणी ते झटकन सरळ होते, अनामिका उलगडते, आणि हात ऑफस्पिनच्या उलट दिशेने फिरून तळवा जमिनीकडे वळतो. कोपराखालचे जे स्नायू हा तळवा खाली वळवतात ते तिथे मुख्य ठरतात. मनगटाचा हा मोठा झटका लेगस्पिनरला भरपूर फिरकी देतो. पण हालचाल मोठी असल्यामुळे वेळ थोडा जरी चुकला तरी टप्पा बिघडतो. ऑफस्पिनरच्या तुलनेत लेगस्पिनरचे सैल चेंडू जास्त दिसतात, त्याचे हे एक कारण. गुगलीत मनगट आणखी पुढे वळते, हाताची पाठ फलंदाजाकडे येते, आणि हाताची फेक तीच राहूनही चेंडू उलट दिशेने वळतो. मुंबईच्या सुभाष गुप्ते यांनी ही गोलंदाजी 36 कसोटींत 149 बळींपर्यंत नेली आणि 1958 साली कानपूरला वेस्ट इंडिजविरुद्ध एका डावात 102 धावांत 9 बळी घेतले.

आता धड आणि खांदा. ऑफस्पिनर शेवटच्या उडीनंतर उजवा पाय क्रीजला समांतर टाकतो, तेव्हा शरीर फलंदाजाला बाजूने दिसते. डावा हात वर असतो आणि नजर त्याच्यावरून समोर जाते. मग डावा पाय पुढे रोवला जातो, बहुधा किंचित फाइन लेगच्या दिशेने. हा पाय जेवढा ठाम, तेवढा वरच्या शरीराला फिरायला आधार मिळतो. कंबर आधी वळते, छाती आणि खांदे तिच्यामागून, आणि हात सर्वात शेवटी. या छोट्या अंतराने पोटाच्या तिरक्या स्नायूंना ताण बसतो आणि तो सुटताना खांद्याला गती मिळते. खांद्यातून पुढे येणारा हात छातीचे आणि पाठीचे मोठे स्नायू खाली ओढतात. खांद्याच्या सांध्याभोवतीचे लहान स्नायू दंडाचे डोके खोबणीत घट्ट धरून ठेवतात. डावा हात बगलेकडे खेचला गेला की शरीर पुढच्या पायावर वळते आणि उजवा हात डाव्या कमरेबाहेर जाऊन थांबतो.

चेंडूची उंची, दिशा आणि टप्पा या ठिकाणी ठरतात. शिवाय फिरकीचा आस कसा राहील, हेही ठरते. हात उभा आला आणि बोटे चेंडूच्या वरून पुढे गेली, तर फिरण्यात टॉपस्पिनचा भाग वाढतो. असा चेंडू हवेत अपेक्षेआधी खाली उतरतो आणि टप्प्यावर उसळी घेतो. हात थोडा बाजूला असेल आणि बोटे कडेवरून फिरली असतील, तर बाजूला वळण जास्त मिळते. म्हणजे फिरकी किती, ते बोटे ठरवतात. ती कोणत्या दिशेने कामी येईल, ते धड आणि खांदा ठरवतात.

4 जून 1993 रोजी मँचेस्टरला शेन वॉर्नने माइक गॅटिंगला टाकलेला चेंडू याचे उत्तम उदाहरण आहे. ॲशेस मालिकेतला इंग्लंडमधील त्याचा तो पहिलाच चेंडू. लेगस्पिनचा आस मुख्यत्वे प्रवासाच्या दिशेत असतो. चेंडू खाली उतरू लागला की आस आणि प्रवास यांच्यात कोन पडतो आणि हवा त्याला लेगच्या बाजूला ढकलते. तो चेंडू तसाच सरकत लेग यष्टीच्या बाहेर पडला आणि तिथून वळून ऑफ यष्टीच्या माथ्याला लागला. हवेतली सरक आणि टप्प्यावरचे वळण, दोन्ही एकाच फिरकीतून आली.

बिघाड ओळखण्याची रीतही या वाटणीतून निघते. दिशा आणि टप्पा नीट असूनही चेंडू वळत नसेल, तर दोष हातात शोधावा. पकड सैल असेल, बोटे पुरेशी फाकलेली नसतील, किंवा तळवा लवकर वर वळून तर्जनी चेंडूवरून घसरत असेल. अशा वेळी हवेत शिवण डळमळताना दिसते. वळण मिळत असूनही टप्पा विखुरत असेल, तर धडाकडे पाहावे. डोके ऑफच्या बाजूला कलंडते का, पुढचा गुडघा मोडतो का, पुढचे पाऊल इतके आडवे पडते का की कंबर फिरूच शकत नाही, हे तपासावे. शेवटच्या प्रकारात गोलंदाज हात शरीरावरून आडवा आणतो, चेंडू लेगला जातो आणि पाठीच्या खालच्या भागावर ताण येतो. पाऊलखुणा पाहिल्या तरी हे कळते.

कोपराचा वेगळा विचार करावा लागतो. नियमांत वाकलेला हात निषिद्ध नाही, टाकताना तो सरळ होणे निषिद्ध आहे. हात खांद्याच्या पातळीला आल्यापासून चेंडू सुटेपर्यंत कोपर 15 अंशांहून जास्त सरळ होऊ नये, असा आंतरराष्ट्रीय निकष 2005 पासून आहे. त्याआधी फिरकीपटूंसाठी ही मर्यादा 5 अंश होती. मुथय्या मुरलीधरनचे कोपर जन्मतःच पूर्ण सरळ होत नव्हते. 1995 साली मेलबर्नला पंचांनी त्याचे चेंडू नो-बॉल ठरवले. पुढे प्रयोगशाळेत त्याच्या कोपराचे माप घेतले गेले. त्याचे मनगट आणि खांदा विलक्षण लवचिक होते, आणि त्याच्या कसोटी बळींची संख्या 800 वर थांबली. ऑफस्पिनच्या हालचालीतून उलट वळणारा चेंडू, म्हणजे दुसरा, टाकताना मनगट उलट बाजूला वळवावे लागते. तेव्हा कोपराकडून मदत घेण्याचा मोह होतो आणि अनेकांची हालचाल याच जागी संशयास्पद ठरली.

शरीर याची किंमत मोजते. ऑफस्पिनरच्या तर्जनीची कातडी शिवणीवर घासून सोलते आणि पुढे घट्टा पडतो. लेगस्पिनरचा भार अनामिकेवर आणि खांद्यावर पडतो. वॉर्नला 1996 मध्ये बोटाची आणि 1998 मध्ये खांद्याची शस्त्रक्रिया करावी लागली. तर्जनी किंवा अनामिका दुखू लागली की पकड आपोआप सैल होते आणि आधी वळण जाते. खांदा किंवा कंबर दुखू लागली की हाताची उंची बदलते, त्यामुळे आधी टप्पा आणि दिशा जातात.